सायकलने ऑफिसला जाताना पँटला ग्रीस, शर्टाला घाम: कापड कोणतं घ्यावं, शिवावं कसं?

हिंडलगेकर

गेल्या दिवाळीपासून गाडी घरी ठेवून बेळगावात सायकलने कामावर जातोय. हिंडलगा, कॅम्प, गोगटे सर्कल, काँग्रेस रोड, तिसरं गेट आणि उद्यमबाग. आठेक किलोमीटर होतात. काम एका वर्कशॉपच्या अकाउंट्समध्ये आहे. मशिनला हात लावायचा नसतो, पण पार्टी आली की पुढे मलाच बसवतात. म्हणजे पोचल्यावर माणसासारखं दिसायला हवं.

अडचणी दोन. उजव्या पायाच्या मोहरीला आतल्या बाजूने काळे पट्टे पडतात आणि धुऊन करडे होतात, जात नाहीत. दुसरं म्हणजे आकाशी शर्टावर पाठीला नि काखेत नकाशा उमटतो. ऑफिसात बेसिन आहे, आंघोळीची सोय नाही. कपडे बदलायचे तर संडासात उभं राहून, ते नको. ते घट्ट चकचकीत सायकलचे कपडेही नकोत. साधी पँट, साधा शर्ट, पण कापड कोणतं घ्यावं आणि शिवून घेताना टेलरला काय सांगावं? जाणकारांनी सांगा.

लेथमास्तर

ग्रीसचं काय घेऊन बसलाय ओ. आमचा जन्म लेथवर गेला. कापडाला ग्रीस लागलं की मी रात्री रॉकेलात बुडवून ठेवलो, सकाळी वडीने खसाखसा घासलो, झालं. आणि डांगरीचं कापड घ्या, जाड निळं. फाटत नाही, मळत नाही, खिसे भरपूर. दोन जोड शिवून घ्या, एक अंगावर एक वाळत.

हिंडलगेकर

मास्तर, डांगरी घालून पार्टीपुढे बसलो तर ते मला जॉब कटिंगचा दर विचारतील.

ताणाबाणा

इचलकरंजीला प्रोसेसिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता वडगावात असतो. कापडाकडे येतो, पण आधी एक प्रश्न. चेनला तेल कुठलं घालता?

विचारायचं कारण असं की स्वच्छ तेलाचा डाग काळा पडत नाही, पिवळसर पडतो आणि साबणाने निघतोही. काळं करतं ते तेलात मिसळलेलं बारीक लोखंड, धूळ आणि काजळी. तेल हे नुसतं वाहन आहे. ते त्या काळ्या कणांना सुताच्या पिळात नेऊन बसवतं. मग तुम्ही धुता, तेल निघून जातं, कण तिथेच राहतात. तुमचे करडे पट्टे म्हणजे तेच. तिथे आता तेल नाहीच, त्यामुळे आणखी साबण लावून उपयोग होत नाही.

मास्तरांच्या रॉकेलाचंही तेच. रॉकेल तेलाला विरघळवतं हे बरोबर, पण पातळ झालेलं ते काळं पाणी आजूबाजूला पसरतं आणि सुकताना कडेला गोल उमटवतं. निळ्या डांगरीवर कोण बघतंय, फिक्या पँटवर मात्र आधी बोटाएवढा असलेला डाग तळहाताएवढा होतो. शिवाय रॉकेल लागलेला कपडा वॉशिंग मशिनमध्ये टाकू नका, पेट घेण्याची भीती असते.

हिंडलगेकर

चेनला तेल मी घालत नाही, कोपऱ्यावरचा सायकलवाला घालतो. शेजारी मोटारसायकलचं गॅरेज आहे, तिथलं उतरवलेलं ऑइल डब्यात असतं त्याच्याकडे. ब्रशने चोपडतो. फुकट असतं, कधी पैसे घेतले नाहीत.

ताणाबाणा

तर मग पँटचा दोष नाही. उतरवलेलं ऑइल म्हणजे इंजिनातली काजळी आणि झीज आयती घोळलेली. तुमची चेन रस्त्यावर जायच्या आधीच काळी आहे.

असं करा. एखाद्या रविवारी चेन डिझेल किंवा रॉकेलात भिजवलेल्या जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, रोलरच्या मधूनसुद्धा. चिंधीने पुसा, परत घासा. चिंधीवर काळं उमटायचं कमी झालं की साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून उन्हात कोरडी होऊ द्या. पाणी अडकून राहिलं तर गंज धरते. मग चेनचं पातळ तेल घ्या, ते नसेल तर कोरं इंजिन ऑइलही चालतं, पण कोरं. पेडल उलटं फिरवत एकेका रोलरवर एकेक थेंब. ब्रश नको. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरून चेन कोरडी पुसून काढा. इथेच सगळे चुकतात. तेल रोलरच्या आत लागतं, बाहेर त्याचं काहीच काम नसतं. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि तुमच्या मोहरीला देतं. पिवळं घट्ट ग्रीस चोपडणाऱ्यांचं तर आणखी वाईट, ते आत शिरतच नाही, बाहेरच थर होऊन बसतं.

झालं की पांढरा रुमाल चेनवरून एकदा ओढून बघा. फिका करडा ओरखडा आला तर ठीक. काळा चिकट पट्टा आला तर पुसणं कमी पडलंय. शिलाई मशिनचं तेलही स्वच्छ असतं, पण फार पातळ, वरचेवर घालावं लागेल आणि पावसात टिकणार नाही.

सदाशिवनगरची

पुरुषमंडळींनो, एवढी शास्त्रं करण्यापेक्षा पूर्ण चेनकव्हर असलेली सायकल का घेत नाही? माझी जुन्या पद्धतीची लेडीज सायकल आहे, चेन दिसतसुद्धा नाही. चुडीदार घालून शाळेत जाते, आजवर डाग नाही. मागच्या चाकाला जाळी आहे, त्यामुळे ओढणीचंही भय नाही.

माझी अडचण घामाचीच. कॉटनचा कुर्ता पाठीला चिकटतो आणि मुलं मागून बघत असतात. त्यावर कोणी लिहील का?

हिंडलगेकर

ताई, माझी गिअरची आहे. पुढे तीन चक्रं, चेन इकडून तिकडे सरकते, पूर्ण कव्हर बसत नाही. दुकानात विचारून झालं.

चिकोडीकर_८८

सरळ शंभर टक्के पॉलिस्टरची पँट घ्या. सुरकुती नाही, इस्त्री नाही, दहा मिनिटांत वाळते. आणि तो धागा काही शोषत नाही, त्यामुळे डागही धरत नाही. मी तीच वापरतो. चहा सांडला, उसाचा रस सांडला, पुसलं की गेलं.

ताणाबाणा

चहा आणि रसाबाबत तुमचं खरं आहे, ते पाण्यातले डाग. पॉलिस्टर पाण्याला जवळ करत नाही, पण तेलाला करतो. तेलाचा डाग सुताला सोडून जातो तितक्या सहज पॉलिस्टरला सोडत नाही. घामाच्या वासाचं मूळही तेच, अंगाचं तेल धाग्याला चिकटून राहतं आणि धुतलेला शर्ट अंगाच्या उबेने परत वास मारायला लागतो.

मी मागे हे करून बघितलंय. तीन कापडांचे तुकडे घेतले: नुसतं पॉलिस्टर, टेरी-व्हिस्कोस आणि सुती ड्रिल. एकाच काळ्या चेनवर तिन्ही दाबले आणि एकत्र धुतले. सुती तुकड्यातलं तेल गेलं, पण करडेपणा सगळ्यात जास्त राहिला, कारण सुती सूत केसाळ, त्यात कण अडकतात. पॉलिस्टरवर कण कमी राहिले, पण तेलाची पिवळी छाया गार पाण्याने हललीच नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण लावल्यावर गेली. टेरी-व्हिस्कोस मधोमध.

म्हणजे ग्रीस न धरणारं कापड असं काही नसतं. दोन गोष्टी मात्र हातात आहेत. विण घट्ट आणि पृष्ठ गुळगुळीत असावं, म्हणजे कण वरच राहतात. आणि रंग एकजिनसी नसावा. कोळशासारखा गडद करडा, ज्यात काळं आणि पांढरं सूत मिसळून दिसतं, तो घ्या. त्यात उरलेला करडा पट्टा हरवून जातो. निव्वळ काळी पँट घेऊ नका, तिच्यावर धूळही दिसते आणि घाम सुकला की मिठाचे पांढरे ओघळही.

डाग लागलाच तर पाणी लावायचं नाही. आधी चमच्याच्या कडेने वरचं खरवडून काढा. मग डागाची बाजू खाली करून जुन्या पांढऱ्या चिंधीवर ठेवा आणि उलट बाजूने भांड्याच्या पातळ साबणाचे चार थेंब टाकून चमच्याच्या पाठीने दाबा. घासायचं नाही, दाबायचं. काळं खालच्या चिंधीत उतरतं, ती सरकवत राहा. पंधरा-वीस मिनिटांनी कोमट पाण्यात धुवा. ओल्या कापडात डाग दिसत नाही म्हणून गेला असं समजू नका, सावलीत वाळवून बघा. डाग असताना इस्त्री फिरवलीत तर तो कायमचा.

चिकोडीकर_८८

मला वास येत नाही बुवा. घरच्यांनी अजून तक्रार केली नाही.

सदाशिवनगरची

घरच्यांनी सांगणं बंद केलं असेल.

शहापूरचा_शिंपी

दुकान बंद केल्यावर वाचलो, आता राहवेना म्हणून लिहितो. पँटचं कापड निवडून झालं, पण सायकलची पँट आधी फाटते ती आसनात, हे कोणी लिहिलंच नाही. आसनात चार शिवणी एका ठिकाणी येतात आणि बरोबर तिथेच सीट घासते. धागा तुटतो, नाहीतर माणसाला टोचतं.

कॅम्पात नोकरी करणारं एक गिऱ्हाईक आहे, रोज सायकलने येणारं. त्याची पँट अशी शिवलो. कापड टेरी-व्हिस्कोस, कोळशाच्या रंगाचं, वजन मीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्याहून पातळ घेतलं तर गुडघ्याला पोक येतो. ५८ इंच पन्ह्यात साध्या पँटला १.२० मीटर पुरतं, याला १.३० घेतलो, कारण आसनात कळी घातलो. चौकटच्या पत्त्याच्या आकाराची, लांबी चार इंच, रुंदी अडीच, तिरक्या कापडाची. त्यामुळे चार शिवणी एकत्र येत नाहीत आणि पाय फिरवताना ताण पडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळी दिसतच नाही.

मागचं आसन एक इंच वर उचललो, नाहीतर वाकून बसल्यावर कंबर उघडी पडते आणि शर्ट बाहेर येतो. गुडघ्यात एक इंच सैल. मोहरी त्याची गोल सोळा होती, साडेचौदा केलो. त्याहून अरुंद केली तर ऑफिसात पोराटकी दिसते आणि बुटावर नीट पडत नाही. खाली दोन इंच कापड आत दुमडून ठेवलो, मोहरी झिजली की उतरवता येते.

आणि खरी गंमत उजव्या मोहरीत आहे. आतल्या बाजूला त्याच कापडाची एक पट्टी, दोन टिचबटणं. सायकलवर बसताना पट्टी बाहेर काढायची, जादा कापड पायाच्या बाहेरच्या अंगाला दुमडायचं आणि बटण लावायचं. बाहेरच्या अंगाला, हे ध्यानात ठेवा. चेन आतल्या अंगाला असते, तिकडे घडी घातली तर घडीच आधी सापडते. उतरलं की बटण सोडून पट्टी परत आत. पट्टी घोट्याच्या हाडाच्या वर बसली पाहिजे, खाली आली तर पायाबरोबर घसरते.

एक तोटा सांगून ठेवतो. टेरी-व्हिस्कोसला सीटच्या जागी चकाकी येते. कितीही चांगलं घ्या, घासून घासून येतेच. साटीनसारखं लखलखीत विणलेलं कापड घेऊ नका, तिरक्या रेघेचं घ्या, त्यावर उशिरा येते. सीटचं रेक्झिन फाटलं असेल तर आधी ते बदला. आणि इस्त्री उलट बाजूने, नाहीतर ओलं फडकं घालून. गरम इस्त्री थेट लावली की चकाकी आणखी वाढते.

हिंडलगेकर

शिंपीदादा, हेच तर हवं होतं. दुकान शहापुरात नेमकं कुठे ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का?

शहापूरचा_शिंपी

कळवतो. पण दसऱ्यापर्यंत काम भरपूर आहे, घाई करू नका. मोजायला येताना सायकलवरूनच या. पाय वर घेतल्यावर कापड किती ओढतं ते मला बघायचं असतं.

रोज_टिळकवाडी

आता घामाकडे या. शर्टाचं मी सांगतो. घाम थांबवता येत नाही, दिसणं थांबवता येतं. ओलं कापड गडद होतं, म्हणून मधले रंग सगळ्यात वाईट. आकाशी, करडा, खाकी. पांढरा किंवा अगदी गडद निळा बरा. पांढऱ्यात बारीक चौकडी घ्या, म्हणजे चिकटलं तरी आतलं दिसत नाही. दुकानात कापड बघताना बोट जिभेला लावून कोपऱ्यावर टेकवा आणि हात लांब करून बघा. ठिपका दिसला तर ते कापड तुमचं नव्हे. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

पाठीवर बॅग लावू नका. निम्मा नकाशा बॅगचा असतो. कॅरिअरला बांधा.

आणि घाम सायकल थांबल्यावर जास्त फुटतो, कारण वारा बंद होतो पण अंग तापलेलंच असतं. पोचल्याबरोबर जिना चढून खुर्चीत बसलात की मेलात. शेवटचा किलोमीटर हळू चालवा. वाटेत रेल्वेचं फाटक बंद लागलं तर तेवढं आपोआप होतं.

सदाशिवनगरची

फाटकाचा असा उपयोग पहिल्यांदाच ऐकला. चौकडीचं पटलं. कुर्त्यांना छापील बारीक नक्षी चालेल ना? एकरंगीच शिवत होते आतापर्यंत.

रोज_टिळकवाडी

चालेल की, उलट जास्त चांगलं. नक्षी दाट हवी मात्र. मोठी मोठी फुलं असली तर मधल्या मोकळ्या जागेत दिसतंच.

चिकोडीकर_८८

आणि बनियन? मी ते जिमवाले सुकणारे टी-शर्ट आत घालतो. घाम बाहेर फेकतात.

रोज_टिळकवाडी

बाहेर फेकतात म्हणजे शर्टात फेकतात! सुती बनियन घाम धरून ठेवतं, शर्ट कोरडा राहतो. फक्त बिनबाह्यांचं घेऊ नका, काखेतला घाम अडवायला तिथे काही नसतं. बाह्यांचं घ्या. पोचल्यावर ओलं बनियन काढून दुसरं घाला. शर्ट एक मिनिट काढला तर काही बिघडत नाही.

ताणाबाणा

इथे मी अर्धा चिकोडीकरांच्या बाजूचा आहे. सुती बनियन भिजलं की सुकत नाही, हिंडलगेकरांना बदलायचं नसेल तर दुपारपर्यंत गार ओलं अंगावर राहील. सुकणारं बनियन वाऱ्यात सुकतं, पण वास धरतं, रोज धुवावंच लागतं, आणि कम्फर्टसारखं काही घालून धुतलं की त्याचं पाणी खेचणं मंदावतं. थंडीत इथे सात-आठ किलोमीटरला घाम तरी कितीसा येतो? खरा प्रश्न मार्च ते मे. तेव्हा मी सुतीच घालतो आणि बदलतो. दुसऱ्या कोणाला वेगळं जमत असेल.

चिकोडीकर_८८

बदलायचं असेल तर मग सगळंच बदला की. धागा कशाला काढला?

हिंडलगेकर

बनियन बदलणं बेसिनपाशी जमेल, पँट नाही जमणार. आता एक विचारतो. मारुती गल्लीत एका दुकानदाराने टेफ्लॉन फिनिशचं पँटपीस दाखवलं. पाणी ओतलं, थेंब घरंगळले. म्हणाला तेलसुद्धा लागत नाही. मीटरला बरेच जास्त पैसे सांगितले. घ्यावं का?

ताणाबाणा

प्रात्यक्षिक खरं असतं, तुमच्या कामाचं नसतं. ते फिनिश धाग्यावरचा पातळ लेप आहे, वरून पडलेला थेंब आत शिरू देत नाही. भाजीचा रस्सा सांडला तर उपयोग होतो. चेन काही थेंब सांडत नाही, ती कापडावर दाबून घासते. दाबाने ग्रीस लेपाच्या पलीकडे जातं. आणि मग तोच लेप साबणाच्या पाण्यालाही आत जाताना अडवतो, ही वरची कटकट.

धुण्याने लेप उतरत जातो. इस्त्रीच्या उष्णतेने थोडा परत जागा होतो, म्हणून सुरुवातीला इस्त्री केल्यावर बरं वाटतं. पावसाळ्यासाठी चिखलाचे शिंतोडे झटकायला बरं आहे, इकडची तांबडी माती फिक्या कापडाला रंगच देते. पण चेनसाठी म्हणून जास्त पैसे देऊ नका. दुकानदाराला म्हणावं, सायकलची चेन आणतो, तीवर घासून दाखव.

लेथमास्तर

तेच तर मी सांगत होतो, रॉकेल. बरं, आमच्या डांगरीलाही आसनात कळी घालता येईल काय? बसून उठताना दर वेळी तिथेच उसवतं.

शहापूरचा_शिंपी

येईल की मास्तर. डांगरीचं कापड जाड, त्याला कळी पाच इंचाची लागेल. जुनी असेल तर उसवून घालतो, फक्त धुऊन आणा. रॉकेलात नव्हे.

हिंडलगेकर

चेन कालच घासली. रुमाल ओढून बघितला, अजून काळाच येतोय, पण चिकट नाही. सायकलवाल्याला सांगितलं की यापुढे तेल मी घालतो, तर तो म्हणाला चेन वाजायला लागली की माझ्याकडेच येणार. कापड १.३० घेऊन ठेवलंय, कोळशाचं, तिरक्या रेघेचं. आकाशी शर्ट धाकट्या भावाला दिले, तो बसने जातो.

सदाशिवनगरची

शिंपीदादा, चुडीदारलाही अशी कळी मोठी करून मिळेल का? आहे ती लहान पडते, पेडलवर पाय वर गेला की मांडीत ओढतं.